मला चालतं का, किती वेळ जाईल, काही होणार नाही ना? रक्तदान शिबिराच्या पोस्टबद्दल

प्रश्न:
ताई नमस्कार, मी कोल्हापुरातल्या एका तालीम मंडळाचा कार्यकर्ता. १६ ऑगस्टला रविवारी आमचं रक्तदान शिबिर आहे, रक्तकेंद्राची टीम ५ कॉट घेऊन येणार आहे. मागच्या वर्षी श्रावणी सोमवारी ठेवलेलं, माणसं भरपूर आली पण लई जण परत गेले, कुणी उपाशी आलेलं, कुणी नाइट करून आलेलं. ११ नंतर एवढी गर्दी झाली की काहीजण रांग बघूनच गेले. आणि एक पोरगा चक्कर येऊन पडला ती गोष्ट अजून गल्लीत फिरतीय. यंदाची पोस्ट खाली देतोय, माणसाला वाचून नीट कळलं पाहिजे, काय बदलू?

"रक्तदान हेच श्रेष्ठ दान!! आपल्या तालमीतर्फे भव्य रक्तदान शिबिर. रविवार दि. १६ ऑगस्ट, सकाळी ९ पासून, तालमीचा हॉल. १८ ते ६५ वयोगटातील सर्व निरोगी व्यक्ती रक्तदान करू शकतात. १००% सुरक्षित, कोणताही त्रास होत नाही. मोफत एचआयव्ही, कावीळ व इतर तपासण्या. प्रत्येक रक्तदात्यास आकर्षक भेटवस्तू. तरी बहुसंख्येने उपस्थित राहून शिबिराची शोभा वाढवावी."

उत्तर:
नमस्कार दादा,

मी बरीच वर्षं शिबिरात नाव नोंदवायच्या टेबलावर बसलेय, त्यामुळं सांगते, पोस्ट वाचून माणूस तीनच गोष्टी शोधतो. मला चालतं का, किती वेळ जाईल, आणि मला काही होणार नाही ना. तुमच्या पोस्टमध्ये तिन्हीबद्दल थोडंफार आहे पण असं आहे की वाचणाऱ्याला स्वतःचं काय ते कळत नाही, आणि एक ओळ तर अशी आहे की ती आजच काढा, तिच्याबद्दल शेवटाकडं सांगते.

आधी "निरोगी" बघू. तुमच्या गल्लीतले पन्नाशीतले काका आहेत, बीपीची एक गोळी रोज घेतात, बाकी ठणठणीत, ते "निरोगी" वाचलं की म्हणतात हे आपल्यासाठी नाही, आणि पोस्ट पुढं ढकलून देतात. खरं तर त्यांना चालतं. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना आहेत आणि २०२० मध्ये औषध नियमांत पण तेच बसवलंय, त्यानुसार गोळी घेऊन का होईना पण त्या दिवशी बीपी वरचं १०० ते १४० आणि खालचं ६० ते ९० मध्ये असेल, आणि गेल्या २८ दिवसांत गोळी किंवा डोस बदललेला नसेल, तर रक्त देता येतं. शुगरचं पण तसंच आहे, फक्त पथ्यावर किंवा गोळ्यांवर कंट्रोल असेल आणि गोळी ४ आठवड्यांत बदललेली नसेल तर चालतं, इन्सुलिन घेणाऱ्यांना नाही चालत. म्हणजे दर घरात एखादा तरी असा माणूस आहे जो देऊ शकतो पण स्वतःच स्वतःला बाद करून बसलाय, आणि त्याला आणायला पोस्टमध्ये एक ओळ पुरते.

उलट बाजूला तुमच्या तालमीतला बावीस वर्षांचा गडी, रोज मेहनत करतो, तो स्वतःला निरोगीच समजतो आणि ते खरंच आहे, पण दोन महिन्यांपूर्वी त्यानं हातावर टॅटू काढलाय, किंवा जुलैत डेंग्यू होऊन गेलाय. तो रांगेत उभा राहणार, फॉर्म भरणार आणि डॉक्टर म्हणणार आज नको. टॅटू किंवा कान टोचल्यावर १२ महिने थांबायचं, डेंग्यू-चिकुनगुनिया पूर्ण बरा झाल्यावर ६ महिने, मलेरियाचा इलाज संपल्यावर ३ महिने, टायफॉइडनंतर १२ महिने, अँटिबायोटिकचा कोर्स संपून १४ दिवस. ऑगस्टमध्ये आपल्याकडं पावसाळी तापांचा सीझनच असतो, त्यामुळं हे वाक्य लिहिलंत तर परत जाणारे कितीतरी जण घरीच थांबतील, आणि "आपल्यात काय खोट आहे की काय" असं मनात घेऊन परत जायची वेळ त्यांच्यावर येणार नाही. हे परत जाणं लोक मनाला लावून घेतात हो, पुढच्या वर्षी मग येतच नाहीत. म्हणून पोस्टमध्ये पण आणि टेबलावर पण रिजेक्ट, अपात्र असले शब्द नकोत, "आज नको, अमुक महिन्यांनी या" असं म्हणा.

वयाचं थोडं दुरुस्त करा. ६५ ही मर्यादा आधी रक्त दिलेल्यांसाठी आहे, आयुष्यात पहिल्यांदा देणाऱ्याचं वय ६० च्या पुढं नको. वजन तुम्ही लिहिलंच नाही, किमान ४५ किलो लागतं. पुष्कळ लोकांच्या डोक्यात ५० बसलंय त्यामुळं ४७ किलोची कॉलेजची पोरगी आपोआप गळते. दोन रक्तदानांत पुरुषांना ९० दिवस आणि बायकांना १२० दिवस, हे पण लिहा, पण "तीन महिने, चार महिने" असं लिहा, लोक मनातल्या मनात महिन्यांनी मोजतात. मात्र काठावर कुणी असेल तर दिवस मोजा.

हिमोग्लोबिन १२.५ किंवा जास्त लागतं, बाई असो की पुरुष. ते आकड्यात लिहून फारसा उपयोग नाही कारण आपलं किती आहे हे कुणाला पाठ असतंय? त्यापेक्षा लिहा की तिथंच बोटातून थेंब घेऊन बघतात. कित्येक शिबिरांत निळ्या पाण्यात थेंब सोडतात, ते मोरचुदाचं पाणी असतं, थेंब खाली बुडाला तर चालतं, वर तरंगला किंवा रेंगाळला तर हिमोग्लोबिन कमी. बायका याच टप्प्यावर सगळ्यात जास्त परत जातात, आणि परत जाताना त्यांना कुणी काही सांगत नाही, म्हणून टेबलावरच्या माणसाला सांगून ठेवा की "हिमोग्लोबिन कमी दिसतंय, डॉक्टरांना दाखवून घ्या, वाढलं की पुढच्या शिबिराला या" एवढं प्रत्येकीला नीट सांगायचं.

बायकांचा विषय निघालाच आहे तर, पाळीचे दिवस, गरोदरपण, अंगावर पाजणं, बाळंतपण होऊन वर्ष न होणं, यात रक्त देत नाहीत. हे तालमीच्या मोठ्या ग्रुपवरच्या पोस्टमध्ये सविस्तर टाकलंत तर वाचतील, पण विचारणार कुणी नाही. त्यामुळं पोस्टमध्ये एक साधी ओळ ठेवा आणि महिला मंडळाच्या ग्रुपवर वेगळा मेसेज टाका, त्यात फोनला वहिनींपैकी कुणाचातरी नंबर द्या, तुमचा नको.

आता उपाशीपोटी येण्याचं. यंदा सोमवार टाळलात हे चांगलं केलंत पण श्रावणातला रविवार पण काही घरांत उपासाचा असतो, आणि उपास नसला तरी आपल्याकडं ब्लड टेस्टला उपाशीपोटी जायची सवय इतकी मुरलीय की लोक रक्तदानाला पण तसंच येतात. यात लोकांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलंच नाही की हे उलटं आहे. नियम असा की उपास करणाऱ्यानं त्या दिवशी रक्त द्यायचं नाही आणि बाकीच्यांनी आधीच्या ४ तासांत खाल्लेलं असावं. "हलका आहार घ्यावा" असलं लिहू नका, त्यातून चहा-बिस्किट एवढंच कळतं. पोहे, भाकरी, चपाती-भाजी, जे रोज खाता ते पोटभर खाऊन या असं लिहा, आणि यायच्या अर्धा तास आधी दोन मोठे ग्लास पाणी. हे पाणी नुसतं सांगायचं म्हणून सांगत नाही, चक्कर येण्याचं प्रमाण त्यानं खरंच कमी होतं. आदल्या रात्री दारू नको हे पण स्पष्ट लिहा, लाजू नका.

झोपेचा मुद्दा तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे कारण तुमच्या भागातली निम्मी पोरं शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत असणार. नाइट करून, झोप न घेता आलेल्या माणसाचं रक्त घेत नाहीत. तो बिचारा सकाळी ७ ला सुटून थेट येतो, त्याला वाटतं घरी जाऊन झोपलो तर उठणार नाही, आता देऊन टाकू, आणि त्यालाच परत पाठवावं लागतं. अजून एक गोष्ट पोस्ट लिहिणारे कधीच लिहीत नाहीत. लांब पल्ल्याचे ड्रायव्हर आणि अंगमेहनतीचं जड काम करणारे यांच्या बाबतीत रक्तदान आणि पुढची ड्युटी यात २४ तास जायला हवेत. म्हणजे बघा, फाउंड्रीत भट्टीवर काम करणारा एक पोरगा धरा, तो रविवारी सकाळी १० ला रक्त देणार आणि सोमवारी सकाळी ७ ला पाळीवर जाणार, तर मध्ये २१ तासच होतात, त्याला नियमानं बसत नाही. त्याचीच सोमवारची सेकंड शिफ्ट असेल तर आरामात बसतं. ही गोष्ट पोस्टमध्ये एका ओळीत सांगता येते आणि माणूस घरी बसून स्वतःच हिशोब करतो.

तुमच्या पैलवान मंडळींना पण सांगायला पाहिजे की त्या दिवशी जोर-बैठका नाहीत, आखाड्यात उतरायचं नाही, ज्या हातातून रक्त दिलंय त्यानं वजन उचलायचं नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. "सकाळी ९ पासून" यात कधीपर्यंत हे नाही आणि मला किती वेळ लागेल हे पण नाही, मग रविवारचा माणूस काय करतो, अंघोळ, नाश्ता, पेपर सगळं उरकून ११ ला येतो, आणि सगळेच ११ ला येतात. आता तुमच्या ५ कॉटचा हिशोब करू. पिशवी भरायला ५ ते १० मिनिटंच लागतात पण हात साफ करणं, सुई लावणं, नंतर थोडं पडून राहणं धरलं तर एका माणसाला कॉटवर १५ ते २० मिनिटं जातात. म्हणजे एका कॉटवर तासाला तीन-चार माणसं, ५ कॉटवर तासाला १५ ते २०. सकाळी ९ ते दुपारी २ असे ५ तास पूर्ण वापरले तर ७५ ते १०० लोक होतात, आणि पहिले दोन तास कॉट रिकाम्या राहिल्या तर उरलेल्या तीन तासांत ४५ ते ६० च होतात, मग हॉलबाहेर शंभर माणसं उभी असली तरी उपयोग नाही. टीमला पण फार उशिरापर्यंत थांबवता येत नाही, कारण त्या रक्तातून प्लेटलेट वेगळ्या काढायच्या असतील तर पिशव्या काही तासांतच रक्तकेंद्रात पोचाव्या लागतात.

त्यामुळं पोस्टमध्ये शेवटची वेळ लिहा आणि ती नोंदणीची लिहा. शिबिर २ पर्यंत असेल तर नोंदणी दीडपर्यंत, नाहीतर दोनला पाच कमी असताना घाम पुसत आलेल्या माणसाला तुम्हाला नाही म्हणावं लागेल. एकूण वेळ पाऊण ते एक तास लिहा. "फक्त ५ मिनिटांत रक्तदान" असं पुष्कळ पोस्टवर असतं, ते सुईपुरतं खरं आहे पण माणूस फॉर्म, तपासणी, कॉट, चहा सगळं मिळून मोजतो आणि पन्नास मिनिटं लागली की त्याला फसवल्यासारखं वाटतं. आणि गर्दीच्या वेळा उघड सांगा, "९ ते १०.३० ला गर्दी कमी असते, ज्यांना जमेल त्यांनी तेव्हा या". मंडळाची स्वतःची वीसेक पोरं असतील त्यांना आधीच ठरवून पहिल्या तासात बसवा, बाहेरचा माणूस साडेनऊला आला आणि त्याला चार कॉट भरलेल्या दिसल्या की त्याचा पण धीर वाढतो.

तिसरा प्रश्न सगळ्यात नाजूक. तुम्ही लिहिलंय "कोणताही त्रास होत नाही", आणि गल्लीला तर तो पोरगा पडलेला माहितीय. मग वाचणारा म्हणतो हे खोटं बोलतात, आणि मग सुई नवीन असते हे तुम्ही खरं सांगितलंत तरी ते पण तो त्याच मापानं मोजतो. त्यापेक्षा जे होऊ शकतं ते सरळ सांगा आणि त्यावर काय करतो ते सांगा, भीती त्यानंच कमी होते.

चक्कर काहींना येते, जास्त करून पहिल्यांदा देणारे, वयानं लहान, कमी वजनाचे, उपाशी किंवा झोप न झालेले. भीतीनं किंवा रक्त बघून अचानक बीपी आणि नाडी खाली येते, चेहरा पांढरा पडतो, घाम फुटतो, जांभया यायला लागतात, मळमळतं, आणि लगेच आडवं करून पाय वर केले की बहुतेक जण काही मिनिटांत ठीक होतात. खरा धोका पडून लागण्याचा असतो, आणि पडतात ते बहुधा कॉटवर नाही तर कॉटवरून घाईनं उठून गाडीकडं चालत जाताना. म्हणून नंतर १५ मिनिटं बसवून चहा-सरबत देतात, ती पंधरा मिनिटं म्हणजे उपचारच आहे, पाहुणचार नाही, हे लोकांना कळलं की ते बसतात. तुमचा तो पोरगा कशामुळं पडला ते तुम्हाला माहीत असेलच, त्याचं नाव न घेता एवढं लिहा की चक्कर आली तर डॉक्टर तिथंच आहेत. आणि तो यंदा परत यायला तयार असेल, डॉक्टरांनी बघून हो म्हटलं, तर गल्लीतल्या त्या गोष्टीला दुसरं उत्तर लागणार नाही. पण त्याच्यावर जबरदस्ती नको.

हाताला निळा डाग पडू शकतो, सुईच्या जागी थोडं रक्त कातडीखाली साठतं, काही दिवसांत जातो. हे आधी सांगितलं नाही की घरची माणसं घाबरतात.

सुईची भीती तर सगळ्यात मोठी, आपल्याला रोग लागेल का. इथं "१००% सुरक्षित" म्हणण्यापेक्षा जे डोळ्यांना दिसतं ते लिहा. सुई पिशवीलाच जोडलेली येते, वेगळी बसवत नाहीत, पिशवी सीलबंद असते आणि तुमच्यासमोर फोडतात, एका माणसासाठी एकच वापरतात आणि नंतर नष्ट करतात. वाचणाऱ्याला सांगा "तुमच्यासमोर पाकीट फोडायला सांगा", म्हणजे त्याला तुमच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही, तो स्वतः बघतो.

अशक्तपणाचं पण विचारतात, विशेषतः आया. वजन ४५ ते ५५ किलो असेल तर ३५० मिली घेतात, ५५ च्या वर असेल तर ४५० पर्यंत घेऊ शकतात. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. रक्तातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून येतं, लाल पेशी भरायला काही आठवडे लागतात, आणि म्हणूनच तीन-चार महिन्यांचं अंतर ठेवलंय. "२४ तासांत सगळं रक्त भरून येतं" असं लिहू नका, ते अर्धंच खरं आहे, आणि ते वाचून एखादा महिन्याभरात दुसऱ्या शिबिरात जाऊन बसतो.

आता ती ओळ जी आजच काढायची. "मोफत एचआयव्ही, कावीळ तपासणी". दादा, तुम्ही चांगल्या मनानं लिहिलंय आणि किती तरी मंडळं लिहितात पण यानं नेमका ज्यानं यायला नको तो माणूस येतो. ज्याला मनात शंका आहे की आपल्याला काही लागलं असेल का, आणि दवाखान्यात जाऊन विचारायची लाज वाटते, त्याला वाटतं रक्त देऊ म्हणजे गुपचूप टेस्ट होईल. आता प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग म्हणजे सिफिलिस, आणि मलेरिया, एवढी तपासणी होतेच. पण लागण नुकतीच झाली असेल तर सुरुवातीचा काही काळ ती टेस्टमध्ये दिसत नाही, टेस्ट निगेटिव्ह येते आणि ते रक्त एखाद्या बाळंतिणीला नाहीतर थॅलेसेमियाच्या लेकराला चढतं. टेस्ट कितीही चांगली असली तरी ही फट राहते, ती बुजवायला शिबिरात एकच गोष्ट असते, आलेल्या माणसानं फॉर्मवर खरं सांगणं. म्हणून ओळ उलटी लिहा, की टेस्ट करून घ्यायला म्हणून रक्तदान करू नका, एचआयव्हीसाठी सरकारी दवाखान्यात आयसीटीसी केंद्रात मोफत आणि गुप्त तपासणी होते, तिथं जा. आणि फॉर्म भरायला एक टेबल बाजूला, आडोशाला ठेवा, चार मित्र खांद्यावरून डोकावत असताना कुणी खरं लिहीत नाही. मित्रांच्या घोळक्यात आलेल्याला "आज नको" म्हणायला सोपं जावं म्हणून डॉक्टरांशी एकटं बोलायची सोय आहे हे पण पोस्टमध्ये असू द्या.

भेटवस्तूचं पण त्याच कारणानं सांगते. चहा, नाश्ता, सर्टिफिकेट, छोटीशी आठवण ठीक आहे, पण "आकर्षक भेटवस्तू" पोस्टच्या मथळ्यात आली की बॅगसाठी आलेला माणूस फॉर्मवर ताप लपवतो. द्यायची असेल तर द्या, पोस्टमध्ये गाजवू नका.

हे सगळं धरून मी तुमची पोस्ट अशी लिहीन:

"रक्तदान शिबिर, रविवार १६ ऑगस्ट
तालमीचा हॉल. सकाळी ९ ते दुपारी २, नोंदणी दीडपर्यंत.
एकूण पाऊण ते एक तास धरून या. ९ ते १०.३० गर्दी कमी असते.

कोण देऊ शकतं?
वय १८ ते ६५ (पहिल्यांदा देत असाल तर ६० पर्यंत), वजन ४५ किलो किंवा जास्त. मागचं रक्तदान होऊन पुरुषांना ३ महिने, महिलांना ४ महिने झालेले हवेत.
बीपीची किंवा शुगरची गोळी चालू आहे? कंट्रोलमध्ये असेल आणि महिन्याभरात गोळी बदलली नसेल तर या. डॉक्टर तिथं तपासून सांगतील.

या वेळी थांबा, नंतर नक्की या:
अंगात ताप, सर्दी, खोकला असेल. डेंग्यू-चिकुनगुनिया होऊन ६ महिने, मलेरिया होऊन ३ महिने, टायफॉइड होऊन किंवा टॅटू काढून वर्ष झालं नसेल. अँटिबायोटिक संपून २ आठवडे झाले नसतील. इन्सुलिन चालू असेल तर मात्र रक्त देता येत नाही.
महिलांसाठी वेगळी माहिती महिला मंडळाच्या ग्रुपवर आहे.

येताना:
उपाशी येऊ नका. पोटभर खाऊन, दोन ग्लास पाणी पिऊन या. त्या दिवशी उपास असेल तर पुढच्या शिबिराला या. रात्री नीट झोप झालेली हवी, नाइट करून थेट येऊ नका. आदल्या रात्री दारू नको. जड काम किंवा लांबचं ड्रायव्हिंग असेल तर पुढची ड्युटी २४ तासांनंतरची हवी. ओळखपत्र आणा.

सुरक्षित आहे का?
सुई पिशवीलाच जोडलेली, सीलबंद, तुमच्यासमोर फोडतात, एकदाच वापरतात. आधी बीपी, वजन, हिमोग्लोबिन बघतात. काहींना थोडी चक्कर येऊ शकते, डॉक्टर तिथंच असतात, म्हणून नंतर १५ मिनिटं बसून चहा घेऊनच निघा, लगेच गाडी चालवू नका. त्या दिवशी व्यायाम, कुस्ती नको.
फक्त टेस्ट करून घ्यायला रक्तदान करू नका, एचआयव्हीची टेस्ट सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसी केंद्रात मोफत आणि गुप्त होते. डॉक्टरांशी एकटं बोलायची सोय आहे.

शंका असेल तर या नंबरवर विचारा: ........"

जरा मोठी झाली हे खरं, पण प्रत्येक ओळीवर एकेक माणूस अडकलेला असतो. फोटोवाल्या बॅनरवर फक्त वरच्या तीन ओळी, "पोटभर खाऊन या" आणि नंबर एवढंच घ्या, बाकी मजकूर त्याच्याखाली टाइप करून पाठवा, फोटोत बारीक अक्षरात घातलं तर आजोबांना वाचता येत नाही. नेत्यांचे फोटो असतील तर ते खाली जाऊ द्यात, तारीख वर राहू द्यात, यावर मंडळात वाद होईल पण तेवढा घाला.

टाकायच्या आधी एक काम, हा मजकूर रक्तकेंद्राच्या डॉक्टरांना पाठवून त्यांच्याकडून हो म्हणवून घ्या, शेवटी कुणाला घ्यायचं ते तेच ठरवतात आणि त्यांची एखादी अट वेगळी असेल तर पोस्टमध्ये तीच गेली पाहिजे. नंबर ज्याचा देताय त्याच्याकडं हा मजकूर छापील असू दे, दात काढलाय, ऑपरेशन झालंय, कुत्रं चावून इंजेक्शन घेतलंय असं कुणी विचारलं तर त्यानं अंदाजानं हो-नाही न सांगता "डॉक्टरांना विचारून सांगतो" म्हणायचं आणि खरंच विचारून फोन करायचा. आणि शनिवारी संध्याकाळी पूर्ण पोस्ट परत टाकू नका, तेव्हा दोनच वाक्यं पाठवा: आज रात्री लवकर झोपा, उद्या पोटभर खाऊन पाणी पिऊन या, शक्य असेल तर साडेदहाच्या आत.